मावेजा बरोबर, संशोधन चूक

दोन वाक्यं शेजारी ठेवतो. पहिलं नांदेड किंवा लातूरच्या तहसील कार्यालयाबाहेर कुणाच्याही तोंडून निघेल असं आहे: ‘मावेजा हाती येईस्तोवर तहसीलला हेलपाटे घालून बेजार झालो.’ दुसरं बातमीपत्रात शोभेल असं: ‘शेतकऱ्यांची मदत करण्यासाठी शासनाने नियमांमध्ये संशोधन केले.’ यातलं हिंदीने बिघडलेलं वाक्य कोणतं, असं विचारलं तर बहुतेक जण पहिल्याकडे बोट दाखवतात. मावेजा, तहसील, बेजार हे तिन्ही शब्द फारसी-अरबीकडचे, शिवाय बोलणारा खेड्यातला. दुसरं वाक्य स्वच्छ, संस्कृत वळणाचं, छापण्याजोगं वाटतं.

या पुस्तकाचं म्हणणं नेमकं उलट आहे. पहिल्या वाक्यात एकही चूक नाही. दुसऱ्यात दोन आहेत, आणि दोन्ही हिंदीतून आलेल्या.

मावेजा म्हणजे संपादित जमिनीचा मोबदला. उर्दूतल्या ‘मुआवज़ा’ने मराठवाड्यात येताना आपलं रूप बदललं, मराठी पुल्लिंग घेतलं आणि सामान्यरूपही घेतलं. ‘मावेजा मिळाला’, ‘मावेज्याची रक्कम’, ‘मावेज्यावरून भांडण’ असं आपण सहज म्हणतो. पुण्याकडे त्याला मोबदला म्हणतात, पण मोबदला हा शब्दही अरबीच. म्हणजे फरक मराठी आणि परका असा नाही, एकाच घराण्यातून आलेले दोन शब्द दोन प्रांतांनी आपापल्या परीने नांदवले, एवढाच आहे. उलट ‘संशोधन’ हा दोन्ही भाषांत पूर्वीपासून असलेला संस्कृत शब्द. मराठीने त्याला शोध, अभ्यास हा अर्थ दिला. राजवाड्यांनी १९१० साली पुण्यात काढलेल्या मंडळाचं नाव भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि ते इतिहासात दुरुस्त्या करायला निघालेलं मंडळ नव्हतं. हिंदीने त्याच शब्दाला दुरुस्ती हा अर्थ दिला. त्यामुळे ‘नियमांमध्ये संशोधन केले’ हे मराठी वाचकाला कळतं ते हिंदी येत असल्यामुळे. हिंदी न येणाऱ्याला शासनाने नियमांचा अभ्यास केला असं वाटेल. गंमत अशी की इथे हवा असलेला मराठी शब्द दुरुस्ती, आणि तो फारसी ‘दुरुस्त’वरून आलेला.

आणि ‘शेतकऱ्यांची मदत’? मराठीत मदत ज्याला करायची त्याला ‘ला’ किंवा ‘ना’ लागतो: शेतकऱ्यांना मदत केली. ‘शेतकऱ्यांची मदत’ म्हटलं की मदत करणारे शेतकरी ठरतात. ‘पुरात शेतकऱ्यांची मोठी मदत झाली’ या वाक्यात शेतकरी धावून आलेले असतात. हिंदीत ‘किसानों की मदद करना’ हीच नेहमीची रचना आहे, कारण तिथे षष्ठीच ते काम करते. ती मराठीत उचलली की कोणी कोणाला मदत केली याची दिशाच पुसट होते. शब्द सगळे मराठी राहतात, चूक त्यांच्या जोडणीत होते. म्हणूनच ती डोळ्यांना दिसत नाही.

या दोन वाक्यांतून जे दिसतं ते सगळ्या मराठवाड्याला कसं लागू पडतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. इथे ज्याला लोक ‘हिंदी’ म्हणतात त्याचे किमान दोन थर आहेत, आणि त्यांची गल्लत हेच बहुतेक वादांचं मूळ आहे.

जुना थर फारसी, उर्दू आणि दखनीचा. बहमनी राजवटीपासून निजामापर्यंत या प्रदेशाचा दरबार आणि दफ्तर मुख्यतः याच भाषांतून चाललं. १९१८ साली हैदराबादेत स्थापन झालेलं उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचं होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं तोवर मराठवाड्यातल्या माणसाचा कोर्ट, कचेरी आणि जमिनीचा कागद उर्दूशी बांधलेला होता. त्याची खूण अजून पुसलेली नाही. इनाम जमिनीच्या प्रकरणात ‘मुंतखब’ मागतात, जुन्या वहिवाटीच्या वादात ‘खासरा’ काढायला लावतात, रस्त्याचं काम ‘गुत्तेदार’ घेतो. यातला गुत्ता हा तर शेजारच्या तेलुगू-कन्नडकडचा आहे. सरसकट ‘उर्दूचा प्रभाव’ म्हणणाऱ्यांनी तेही ध्यानात ठेवावं. अलीकडे कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणारे जसे शोधावे लागले, तसे उर्दू वाचणारेही.

हा व्यवहार एकतर्फी नव्हता. हैदराबादी दखनीत ‘नक्को’ आहे, तो मराठीच्या ‘नको’पासून. दखनीतलं ‘मैंच’, ‘वैसाइच’ यातला ‘च’ आपलाच. त्याहून जुनं उदाहरण हवं तर नरसीच्या नामदेवांचं. त्यांच्या नावाची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांची भाषा उत्तरेकडे झुकलेली आहे, आणि ज्या ग्रंथाला गुरुपद देऊन १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला ते ठिकाण नांदेड. उत्तरेची भाषा इथे काल आली, असं नांदेडच्या माणसाला सांगून चालणार नाही.

नवा थर मात्र वेगळा आहे. तो प्रमाण हिंदीचा आहे. शाळेतून, चित्रपट-मालिकांतून, हिंदीत आधी लिहिलेल्या जाहिराती आणि बातम्यांच्या घाईतल्या भाषांतरांतून आणि आता शिकवणी वर्गांतून तो येतो. लातूर पॅटर्नची ख्याती झाली, मागोमाग वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या वर्गांची दाटी दोन्ही शहरांत झाली, परप्रांतांतले शिक्षक आले. वर्गात इंग्रजी संज्ञा आणि हिंदी वाक्य असा सरळ व्यवहार सुरू झाला. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिवसातले कित्येक तास ज्या वाक्यरचनेत विचार करतो, ती रचना घरी येताना त्याच्यासोबत येते. शब्द तो दारात काढून ठेवतो, रचना आत नेतो.

हे दोन थर वेगळे ओळखायची एक साधी युक्ती आहे: शब्दाचं लिंग पाहणं. जुन्या थरातले शब्द मराठीत इतके मुरले की त्यांनी हिंदी-उर्दूत नसलेलं नपुंसकलिंगही घेतलं. उर्दूत दुकान आणि सरकार स्त्रीलिंगी, शहर आणि मैदान पुल्लिंगी. मराठीत चारही नपुंसक: दुकान उघडलं, सरकार पडलं, शहर वाढलं, मैदान भरलं. कोणत्याही व्याकरणकाराने हे ठरवून दिलेलं नाही. बोलणाऱ्यांनीच त्यांना घरच्या नियमांत बसवलं. प्रत्ययांचंही तसंच आहे. ‘समजूत’ला ‘दार’ लागून समजूतदार झाला, ‘भांड’ला ‘खोर’ लागून भांडखोर झाला. परका प्रत्यय घरच्या शब्दाला लागून नवा शब्द जन्माला येतो, तेव्हा तो प्रत्यय परका राहिलेला नसतो.

नवा थर याच्या उलट वागतो. तो मराठी शब्दांचीच लिंगं बदलतो. फोनवर ‘माझी आवाज येते का?’ हे आता इतकं ऐकू येतं की पुष्कळांना खटकतही नाही. आवाज शब्द जुना, पचलेला, मराठीत पुल्लिंगी: आवाज येतो, आवाज बसला. हिंदीत तो स्त्रीलिंगी, आणि हिंदीतलं लिंग आता मराठी शब्दावर परत चढतं आहे. ‘तो व्यक्ती आला होता’ याचंही मूळ तेच. हिंदीत व्यक्ति पुल्लिंगी आहे, मराठीत ती व्यक्ती, मग पुरुष असो की बाई. कुणी म्हणेल, पुरुषाला ‘ती’ म्हणणं विचित्र वाटतं म्हणून लोक ‘तो’ म्हणतात. थोडं खरं आहे. पण ‘माझी पुस्तक’ म्हणणाऱ्याला ही सबब नाही.

भाषाशुद्धीचा विचार मराठीत जुना आहे आणि त्याने हाच फरक नेमका नजरेआड केला, असं माझं मत आहे. शिवकाळात रघुनाथपंतांकडून तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात सावरकरांनी ती मोहीम जोमाने चालवली. दिनांक, महापौर हे त्यांच्या नावावरचे शब्द आज सगळ्यांच्या वापरात आहेत. माधव जूलियन यांचा प्रवास तर अभ्यासण्यासारखा. फारसीचे प्राध्यापक, १९२५ साली फार्शी-मराठी कोश करणारे, आणि पुढे शुद्धीच्या बाजूने ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिणारे. या सगळ्यांचं लक्ष शब्दाच्या कुळावर होतं. फारसी आणि इंग्रजी शब्द दारात अडवायचा, संस्कृत शब्दाला आत घ्यायचं. त्या दारातून पुढे प्रमाण हिंदी बिनदिक्कत आत आली, कारण तिच्या अंगावर संस्कृत पोशाख होता. शुभकामना, ‘यांच्या द्वारा आयोजित’, ‘अध्यक्ष एवं समस्त मित्रमंडळ’ हे सगळं नांदेड-लातूरच्या चौकांतल्या फलकांवर वाचायला मिळतं. तिथे मराठीत शुभेच्छा, ‘यांच्या वतीने’ आणि ‘व’ हे शब्द आधीपासून होते. तारीख मात्र शुद्धीला पुरून उरली. सरकारी कागदावर दिनांक असतो, माणसं एकमेकांना तारीखच विचारतात, आणि दोघांचं छान चाललं आहे.

दुसरी परंपरा व्याकरणकारांची: दादोबा पांडुरंग यांचं १८३६ चं व्याकरण, मोरो केशव दामल्यांचं १९११ चं, आणि पुढे वाळंबे, यास्मिन शेख यांच्यासारख्यांची लेखनाला हाताशी धरून चालवणारी पुस्तकं. शब्दाच्या कुळापेक्षा वाक्यातल्या वागणुकीकडे पाहायची सवय इथे लागते. मात्र या पुस्तकांचा रोख प्रमाणभाषेवर आणि शुद्धलेखनावर. नांदेडच्या बोलीतलं एखादं रूप बोलीतलं आहे की हिंदीतून आलेलं, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत फारसा येत नाही.

तो प्रश्न भाषाविज्ञानाने हाताळला, आणि त्यातलं सर्वांत गाजलेलं काम महाराष्ट्रातल्याच एका गावावरचं आहे. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारे शेकडो वर्षं शेजारी राहत आलेले. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात दाखवलं की तिथे या भाषांचे शब्द वेगळेच राहिले, पण वाक्याची घडण इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत शब्दाला शब्द ठेवून करता येतं. म्हणजे माणसं आपली ओळख शब्दांवरून राखतात, आणि पहारा तिथेच ठेवतात. व्याकरण पहाऱ्याशिवाय मोकळं असतं. मावेज्यावर संशय घेणारे आणि ‘शेतकऱ्यांची मदत’ सोडून देणारे आपण सगळे कुपवाडकरच.

म्हणून या पुस्तकात सर्वांत जास्त जागा ‘बोलणे’ या एका क्रियापदाला गेली आहे. ‘सर मला बोलले’ हे वाक्य घ्या. जुन्या मराठीप्रमाणे याचा अर्थ एकच: सर रागावले. ‘सासू सुनेला बोलली’ म्हटलं की पुढे काय झालं ते विचारावं लागत नाही. काही सांगितलं असेल तर ‘सर मला म्हणाले’, गप्पा झाल्या तर ‘सर माझ्याशी बोलले’. मराठीने एका प्रसंगाचे तीन प्रकार तीन रचनांनी वेगळे ठेवले आहेत. हिंदीत ‘सर ने मुझे बोला’ ही बोलचालीची रचना सांगण्यासाठी वापरतात. ती मराठीत आली आणि आता लातूरच्या वसतिगृहातला मुलगा घरी फोन करून सांगतो, ‘सर मला बोलले, की पुढच्या महिन्यात परीक्षा आहे.’ आजी फोन ठेवल्यावर विचारते, ‘काय केलं होतं रे यानं?’ तिने वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकला, आणि तिच्या मराठीत तो तिथेच पूर्ण झाला होता.

इथे चूक आहे असं आम्ही म्हणतो, आणि त्याचं कारण शुद्धता नव्हे. तीन अर्थांचा भेद करणारं साधन बोथट होतं, आणि त्या जागी दुसरं येत नाही. ‘खाली’चं तसंच. ‘बस खाली आहे’ हे वाक्य आता दोन अर्थांनी ऐकू येतं: पुलाखाली उभी आहे, किंवा रिकामी आहे. ‘त्याच्याशी विचारलं’, ‘त्याच्याशी भेटलो’ यांत हिंदीचा ‘से’ मराठीच्या ‘ला’ची जागा घेतो. ‘मतलब’चं प्रकरण आणखी नाजूक आहे. मतलब, मतलबी हे स्वार्थाच्या अर्थाने मराठीत कधीच रुळले. पण वाक्याच्या सुरुवातीला ‘म्हणजे’ऐवजी येणारा ‘मतलब’ नवा, हिंदीचा. एकाच शब्दाची एक फेरी जुनी आणि स्वीकारलेली, दुसरी कालची. शब्दांची यादी करून बरोबर-चूक ठरवणारे अशा ठिकाणी हमखास फसतात.

फसण्याची दुसरी बाजू जास्त त्रासदायक आहे, कारण तिथे निर्दोष माणसाला शिक्षा होते. शिक्षा हा शब्द मराठी अर्थानेच वाचावा. नांदेड-लातूरची मुलं पुण्याला शिकायला गेली की ‘काय करायलास?’, ‘मी जायलोय’ या बोलण्यावर हसू होतं, आणि हसणारे त्याला हिंदीचा किंवा ‘तिकडचा’ परिणाम समजतात. ही रूपं ‘करायला लागणे’, ‘जायला लागणे’ यातून घासून झालेली, अस्सल मराठी आहेत. चालू क्रियेसाठी हिंदीत अशी रचना नाही. याच्याशी तुलना करावी ती वऱ्हाडी-नागपुरीतल्या ‘करून राहिला’, ‘जाऊन राहिला’शी. हिंदीच्या ‘कर रहा है’शी त्याचं साम्य उघड आहे, आणि हिंदी प्रदेशाच्या दीर्घ शेजारातून ते घडलं असं मानतात. पैनगंगेच्या काठावर, माहूर-किनवटकडे, ही दोन्ही रूपं एकमेकांच्या कानावर पडतात. पण वऱ्हाडीतलं ते रूपही आम्ही चूक मानत नाही. ते पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे, सगळ्या पुरुष-वचनांत नियमाने चालतं, बोलणाऱ्यांत त्याबद्दल एकमत आहे. हिंदीतून आलेलं रूपसुद्धा बोलीचं व्याकरण होऊ शकतं. ‘माझी आवाज’ अजून तिथे पोचलेलं नाही: तोच माणूस दोन वाक्यांनंतर ‘आवाज कमी झाला’ म्हणतो. एकाच बोलणाऱ्याकडे अशी डळमळ दिसली, की ते रूप अजून उसनं आहे असं समजावं.

एखादं रूप जुनं की नवं हे ठरवताना आम्ही दोन ठिकाणी पाहिलं. एक, ज्यांचा हिंदीशी संबंध बाजारापुरता आला अशा वयस्क बायका-पुरुषांचं बोलणं. दुसरं, मराठवाड्यातल्या जात्यावरच्या ओव्या. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने ओव्यांचा जो प्रचंड संग्रह झाला, त्यामुळे अशी पडताळणी शक्य झाली आहे. ओवीत रूप सापडलं तर ते दूरचित्रवाणीने आणलेलं नाही, एवढं तरी नक्की. सापडलं नाही म्हणून मात्र ते नवं ठरत नाही. ओवीत तहसीलचं काम येत नाही, मग मावेजा तिथे कुठून यावा?

या पुस्तकात जे नाही तेही सांगायला हवं. पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून २०२५ मध्ये राज्यात वाद पेटला, एप्रिल आणि जूनमधले शासन निर्णय २९ जून रोजी मागे घेतले गेले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आमचा विषय त्या वादाशी लागून आहे, पण तो वाद नाही. हिंदी कधी शिकवावी हा धोरणाचा प्रश्न आहे; ‘त्याची मदत केली’ हे मराठीत काय सांगतं हा व्याकरणाचा. दोन्ही एकत्र केले की व्याकरणाचं उत्तर राजकारणातून दिलं जातं आणि मावेजा म्हणणारा शेतकरी उगाच गुन्हेगार ठरतो. मोंढ्यातल्या सौदा, आडत, हमाली या शब्दांवरही म्हणूनच आम्ही वेळ घालवलेला नाही. ते कुठून आले हे कोशात पाहता येतं, आणि त्यांच्यामुळे सोयाबीनच्या भावात कुणाची फसगत होत नाही.

प्रत्येक नोंदीत रूप, ते जिथे ऐकलं किंवा वाचलं तो प्रसंग, मराठीतली समांतर रचना आणि आमचा निर्णय, अशी मांडणी आहे. निर्णय तीन प्रकारचे आहेत: स्वीकारलेलं, चूक, आणि अनिर्णित. तिसरा प्रकार पळवाट वाटू नये म्हणून त्यातली दोन उदाहरणं इथेच देतो. ‘तू कुठे जातो?’ यातला ‘जातोस’चा ‘स’ हिंदीच्या ‘तू जाता है’ने खाल्ला, की बोलीने तो आधीच सोडला होता? आमच्याकडच्या वयस्कांच्या बोलण्यात दोन्ही रूपं मिळाली, म्हणून ते अनिर्णित. दुसरं ‘माहीत पडलं’. हिंदी ‘मालूम पड़ा’ची ती नक्कल दिसते आणि कळलं, समजलं हे शब्द हाताशी आहेत, त्यामुळे संपादकांपैकी एकीने चूक ठरवून टाकलं. माझं मत वेगळं पडलं. ‘कळलं’मध्ये आकलन येतं, ‘समजलं’मध्येही येतं, ‘माहीत पडलं’ म्हणणारा बातमी कानावर आली एवढंच सांगतो, पटली की नाही ते सांगत नाही. तो भेद मराठीला उपयोगी पडतो असं मला वाटतं, तिला वाटत नाही. त्या नोंदीखाली दोन्ही मतं छापली आहेत.